भाव उतरले आणि कारखाना 'वाढला': सांख्यिकी मंत्रालयाला पुण्याहून खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव,
सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय: कारखानदारीच्या 'खऱ्या' वाढीचा आकडा आणि त्यामागचा डिफ्लेटर

सप्रेम नमस्कार.

भोसरी आणि चाकणच्या लहान कारखान्यांचं कॉस्टिंग करणं हा माझा व्यवसाय. कास्टिंगचा रेट कसा बसला, त्यात इंगटचे, म्हणजे ओतायच्या धातूचे, किती, गॅसचे किती, मजुरीचे किती, आणि मालकाच्या हातात काय उरलं, हे मांडून देण्यात माझा दिवस जातो. आपल्या कार्यालयाचे आकडे त्यामुळे मी जरा वेगळ्या नजरेनं वाचतो. आपणही शेवटी तेच करता: विक्रीतून खरेदी वजा करता आणि उरतं त्याला मूल्यवर्धन म्हणता. फरक इतकाच, की आपण त्यानंतर महागाई वजा करता. हे पत्र त्या शेवटच्या वजाबाकीबद्दल आहे.

मे २०२४ मध्ये आपण हंगामी अंदाज जाहीर केले. त्यानुसार देशातल्या कारखानदारीचं खरं मूल्यवर्धन २०२२-२३ मध्ये २.२ टक्क्यांनी घटलं आणि २०२३-२४ मध्ये ९.९ टक्क्यांनी वाढलं. पुढच्या फेब्रुवारीत ९.९ चे १२.३ झाले. आधी आकसणं आणि लगेच अशी उसळी, म्हणजे मधल्या काळात कारखान्यांमध्ये मोठी उलथापालथ झाली असणार, असं कुणालाही वाटेल. पण आपल्याच कार्यालयाचा औद्योगिक उत्पादन निर्देशांक उघडला तर त्यातली कारखानदारी पहिल्या वर्षी साडेचार टक्क्यांच्या पुढे आणि दुसऱ्या वर्षी साडेपाचच्या आसपास वाढलेली दिसते. हा निर्देशांक मुख्यतः नग, टन, लिटर मोजतो. नगांच्या हिशेबात दोन वर्षांत फारसं अंतर नाही आणि मूल्यवर्धनाच्या हिशेबात मात्र बारा टक्क्यांची दरी. ज्या वर्षी कारखानदारी 'घटली' त्याच वर्षी देशात सुमारे ३९ लाख प्रवासी वाहनं विकली गेली, जो तोपर्यंतचा विक्रम होता. वाहनं म्हणजे सगळी कारखानदारी नव्हे, हे मान्य. कापडासारख्या धंद्यांचं ते वर्ष वाईट असू शकतं. तरी चाकणच्या रस्त्यावरून मालाच्या गाड्या मोजणाऱ्या माणसाला 'उणे २.२' पचणं कठीणच होतं.

कुणी आकडे फिरवले, असा माझा आरोप अजिबात नाही. दोष रीतीत आहे, आणि ती रीत आपण स्वतःच आपल्या पद्धतीच्या पुस्तिकांमधून उघड लिहिलेली आहे. अडचण अशी, की ती तिथून बाहेर पडून वाचकापर्यंत येत नाही.

हे पत्र खुलं असल्यानं इतर वाचकांसाठी दोन गोष्टी मांडतो. जीडीपी आधी चालू किमतींत मोजला जातो, म्हणजे ज्या भावानं माल विकला गेला त्याच भावानं. हा झाला नाममात्र आकडा. त्यातली भाववाढ काढून टाकली की स्थिर किमतींतला, म्हणजे खरा आकडा मिळतो. ज्या भाववाढीनं भागून तो काढला, तिला डिफ्लेटर म्हणतात. २०२३-२४ च्या त्या हंगामी अंदाजात नाममात्र वाढ ९.६ टक्के होती आणि खरी ८.२. म्हणजे साऱ्या अर्थव्यवस्थेत भाववाढ झाली जेमतेम १.३ टक्के. त्याच वर्षी घरखर्चाची महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक सरासरी ५.४ टक्क्यांनी चढला होता आणि घाऊक किंमत निर्देशांक ०.७ टक्क्यानं उतरला होता. डिफ्लेटर या दोघांच्या मधे बसला, पण घाऊककडे बराच झुकून.

लोक इथे लगेच विचारतात, की मंडईत भाव पाच टक्क्यांनी वाढले तर देशाची महागाई सव्वा टक्का कशी? प्रश्न रास्त असला तरी त्यातला संशय थोडा चुकीच्या जागी आहे. ग्राहक निर्देशांक घर चालवणाऱ्याची टोपली मोजतो. २०१२ च्या पायावरच्या टोपलीत जवळजवळ ४६ टक्के वजन खाण्यापिण्याचं होतं. डिफ्लेटरला देशात तयार झालेलं सगळंच मोजायचं असतं: स्टील, यंत्रं, बांधकाम, सॉफ्टवेअर, सरकारी नोकराचं कामसुद्धा. दोन्ही आकडे एकच निघावेत अशी अपेक्षाच नाही. संशय घ्यायचाच तर डिफ्लेटर कशापासून बनवला यावर घ्यावा. घाऊक निर्देशांकात सेवा अजिबात नाहीत; त्यात प्राथमिक वस्तू, इंधन-वीज आणि कारखानी माल एवढंच आहे. अर्ध्याहून जास्त मूल्यवर्धन सेवांतून येणाऱ्या देशाचा डिफ्लेटर घाऊक निर्देशांकाकडे कलतो, याचं कारण शोधायला हवं. सेवांचा प्रश्न मोठा आहे, पण त्यावर मी अधिकारानं बोलू शकत नाही. कारखान्यावर बोलू शकतो.

भोसरीतला एक अॅल्युमिनियम डाय कास्टिंगचा कारखाना घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केलेले आहेत, घडण खरी आहे. पहिल्या वर्षी त्यानं १०० लाखांचे कास्टिंग विकले. इंगट, गॅस, वीज मिळून ६० लाख गेले. उरले ४० लाख. त्यातून पगार, भाडं, व्याज, घसारा आणि मालकाचा नफा. हे ४० लाख म्हणजे त्याचं मूल्यवर्धन, आणि जीडीपीत त्याच्या नावानं एवढेच जातात.

दुसऱ्या वर्षी कच्च्या मालाचे आणि इंधनाचे भाव १० टक्क्यांनी उतरले. नग तेवढेच, कामगार तेच, मशीन तीच. खरेदी झाली ५४ लाखांची. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. वाहन कंपन्यांशी होणाऱ्या करारात बहुधा मटेरियलचा भाव वेगळा धरलेला असतो आणि ठरावीक मुदतीनं त्याचं रिव्हिजन होतं. इंगट उतरलं की तेवढा फरक नगाच्या रेटमधून कापला जातो. चढलं की वाढवून मिळतो. कन्व्हर्जनचे पैसे, म्हणजे वितळवण्या-ओतण्याचे, तसेच राहतात. त्यामुळे खरेदीत वाचलेले ६ लाख विक्रीतूनही गेले. विक्री झाली ९४ लाखांची आणि मूल्यवर्धन पुन्हा ४० लाख. नाममात्र वाढ शून्य. नग तेवढेच, त्यामुळे खरी वाढही शून्य. शॉपफ्लोअरवरचा कुठलाही सुपरवायझर हे तोंडी सांगेल.

२०११-१२ च्या मालिकेत आपण मात्र हे असं मोजत आलात: चालू किमतींतलं मूल्यवर्धन घ्यायचं आणि त्याला त्या मालाच्या घाऊक भावानं भागायचं. मालाचा भाव ६ टक्क्यांनी उतरलाय, म्हणून ४० ला ०.९४ नं भागलं. आले ४२.५५. म्हणजे कारखान्याची खरी वाढ ६.४ टक्के! एक नग जास्त बनला नाही, एक माणूस जास्त लागला नाही, मालकाला एक रुपया जास्त मिळाला नाही, आणि तरी देशाच्या हिशेबात तो साडेसहाच्या आसपास वाढला.

उलट वर्षही पाहू. इंगट आणि इंधन १० टक्क्यांनी महागलं: खरेदी ६६, रेट वाढून विक्री १०६, मूल्यवर्धन पुन्हा ४०. त्याला १.०६ नं भागलं की येतात ३७.७४. वाढ उणे ५.७. जो कारखाना जागचा हललाही नाही, तो एका वर्षी आकसतो आणि दुसऱ्या वर्षी उसळतो.

चूक कुठे होते ते उघड आहे. भाव ज्याचा उतरला तो विकलेल्या मालाचा, आणि त्यातला बहुतेक भाग इंगटचाच होता. ज्या ४० लाखांना आपण भागतोय त्यात इंगट नाहीच. ते तर आधीच वजा झालं आहे. वजा केलेल्या वस्तूच्या भावानं उरलेल्या रकमेला भागणं, हाच इथला घोटाळा. नीट रीत म्हणजे विक्रीला विक्रीच्या भावानं भागायचं, खरेदीला खरेदीच्या, आणि मग वजाबाकी करायची. ९४ भागिले ०.९४ म्हणजे १००. ५४ भागिले ०.९० म्हणजे ६०, उरले ४०. वाढ शून्य. यालाच दुहेरी डिफ्लेशन म्हणतात. २००८ च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत संयुक्त राष्ट्रांनी हीच रीत सुचवली आहे, आणि शेतीसाठी आपण ती आधीपासून वापरता.

आता २०२२-२३ कडे परत येऊ. त्या वर्षी घाऊक निर्देशांकातला इंधन-वीज गट सरासरी पंचवीस टक्क्यांहून जास्त चढला. कारखानी मालाचा गट सहा टक्क्यांहूनही कमी. खरेदी विक्रीपेक्षा कितीतरी वेगानं महागली. पुढच्या वर्षी दोन्ही गट उतरले, आणि इंधन जास्त उतरलं. म्हणजे आधी माझ्या उदाहरणातलं भाव चढल्याचं उलट वर्ष आणि लगेच पाठोपाठ भाव उतरल्याचं. उणे २.२ आणि अधिक ९.९ यांतला किती भाग खरा आणि किती या भागाकारातून आलेला, हे मी बाहेरून सांगू शकत नाही. त्यासाठी लागणारे उद्योगनिहाय आकडे आपल्याकडेच आहेत. पण झोक्याची दिशा दोन्ही वर्षी नेमकी तीच आहे जी ही चूक असती तर दिसली असती, आणि नगांचा निर्देशांक दोन्ही वर्षी शांत आहे. माझ्या उदाहरणात कच्चा माल विक्रीच्या ६० टक्के धरलाय. देशातल्या संघटित कारखानदारीत खरेदीचा वाटा याहून बराच जास्त असतो, आणि तो जितका जास्त तितका हा झोका मोठा.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. या चुकीचा कल कायम एकाच बाजूला नसतो. कच्चा माल स्वस्त होताना ती वाढ फुगवते आणि महाग होताना दाबते. वाढ फुगवल्याची ओरड करणाऱ्यांनी २०२३-२४ दाखवायचं आणि २०२२-२३ झाकायचं, हे चालणार नाही. सरकारची बाजू घेणाऱ्यांनाही उलटं करता येणार नाही. पाच-सहा वर्षांची सरासरी घेतली तर बरंचसं आपोआप फिटतं. पण धोरणं सरासरीवर ठरत नाहीत. त्या तिमाहीत व्याजदर उतरवायचा का, कारखानदारीला सवलत द्यायची का, हे त्या तिमाहीच्या आकड्यावर ठरतं.

आपण २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून नवी मालिका आणताना कारखानदारीसाठी दुहेरी डिफ्लेशनकडे वळण्याचं जाहीर केलंत, याचं मनापासून स्वागत. ही मागणी करणारे अर्थतज्ज्ञ २०१५ पासून, म्हणजे २०११-१२ ची मालिका आली तेव्हापासून, हेच सांगत होते. पण धंद्यात मुरलेला माणूस म्हणून मला या रीतीचीही भीती वाटते, आणि ती नोंदवल्याशिवाय हे स्वागत अर्धवट राहील.

दुहेरी रीतीत दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी होऊन एक लहान आकडा उरतो. मोठ्यातली बारीक चूक लहानात मोठी होते. खरेदीच्या निर्देशांकात एक टक्का चूक झाली, तर ६० लाखांवर ती ६० हजारांची. पण ४० लाखांच्या मूल्यवर्धनावर दीड टक्का. खरेदीचा वाटा ८० टक्के असेल तर तीच एक टक्क्याची चूक शेवटी चार टक्के होते. म्हणजे खरेदीचे भाव नीट मोजल्याशिवाय ही रीत लावली तर एक रोग जाऊन दुसरा येईल.

आणि खरेदीचे भाव मोजणं अवघड आहे, हे मी रोज पाहतो. घाऊक निर्देशांक विकणाऱ्याच्या दारातला भाव घेतो. घेणाऱ्याला वाहतूक आणि व्यापाऱ्याचं कमिशन धरून जो पडतो तो वेगळा. इंगट घ्यायचं की स्क्रॅप वितळवायचं, हे मालक दर महिन्याला भाव बघून ठरवतो, आणि आपल्या तक्त्यात मात्र दोघांचं प्रमाण जुन्या वर्षाचं असतं. भट्टी फर्नेस ऑइलवरून पाइप गॅसवर गेली तर इंधनाची टोपलीच बदलते. जॉबवर्कवर बाहेर दिलेलं मशीनिंग, कंत्राटी मजूर पुरवणाऱ्याचं बिल, ट्रान्सपोर्ट या सगळ्या विकत घेतलेल्या सेवा, आणि सेवांचा भाव घाऊक निर्देशांकात नाही, हे वर आलंच. याला खरा उपाय उत्पादक किंमत निर्देशांक, ज्यात खरेदीचे आणि विक्रीचे भाव वेगवेगळे आणि सेवांसकट मोजले जातात. घाऊक निर्देशांक आपल्या मंत्रालयाकडे नाही, तो वाणिज्य मंत्रालयातलं आर्थिक सल्लागारांचं कार्यालय काढतं, हे मला माहीत आहे. उत्पादक निर्देशांकाकडे जाण्याचा मार्ग आखायला श्री. रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला, हेही. दोन मंत्रालयांमधल्या या अंतरात काम अडकू नये, एवढंच म्हणणं.

तिमाही आकड्यांची तर अजून वेगळी कथा. तिमाहीला बहुतेक कारखान्यांच्या खरेदीचा तपशील हाती नसतो, त्यामुळे खरेदी-विक्रीचं वर्षाचं प्रमाण ओढून लावावं लागतं. भाव स्थिर असताना ते खपून जातं. इंगट तीन महिन्यांत पंधरा टक्के हललं आणि रेटचं रिव्हिजन पुढच्या तिमाहीत आलं, तर ते प्रमाण दोन्ही तिमाह्यांत चुकतं: एकीत मालक स्वतःच्या खिशातून सोसतो, दुसरीत त्याला भरपाई मिळते. वर्षाखेरीस बेरीज जुळते, पण तोवर दोन बातम्या छापून झालेल्या असतात.

म्हणून माझी विनंती अशी. नव्या मालिकेत कारखानदारीचा खरा आकडा देताना प्रत्येक मोठ्या उद्योगगटाचा खरेदीचा डिफ्लेटर आणि विक्रीचा डिफ्लेटर वेगवेगळा छापावा. मूल्यवर्धनाचा एकच एकत्रित भागाकार देऊन थांबू नये. हे दोन रकाने समोर असले की ज्या वर्षी त्यांच्यात मोठं अंतर पडतं, त्या वर्षाचा आकडा जपून वाचायचा, हे आमच्यासारख्यालाही कळेल. दुसरं, २०२३-२४ चा आकडा जुन्या आणि नव्या दोन्ही रीतींनी शेजारी शेजारी द्यावा. आणि मागे जाऊन जुनी वर्षं जोडताना २०२२-२३ ची ती घट निव्वळ नव्या पायावर उचलून बसवू नये. ती नव्या रीतीनं पुन्हा काढावी. नवी मालिका जिथून सुरू होते त्याच वर्षाचं मागच्या वर्षाशी नातं जुन्या भागाकारानं जोडलं, तर चूक कायमची सांध्यात राहील. शेवटचं, तिमाही प्रसिद्धीपत्रकात एक ओळ घालावी: या तिमाहीत खरेदीचं प्रमाण कोणत्या वर्षाचं धरलं.

यातलं बरंचसं आपल्या संगणकात आधीच असणार, कारण त्याशिवाय दुहेरी डिफ्लेशन होतच नाही. ते छापण्याचाच काय तो प्रश्न.

जाता जाता एक पुणेरी हक्क सांगतो. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली तेव्हा अध्यक्ष महालनोबिस होते आणि सदस्य दोनच: व्ही. के. आर. व्ही. राव आणि आमच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. या हिशेबाच्या वह्या कशा लिहाव्यात यावर पुण्याहून पत्र जाणं त्यामुळे अगदीच अगोचरपणाचं ठरू नये.

उत्तर आलं तर ते भोसरीतल्या मालकांना मराठीत समजावून सांगायची जबाबदारी माझी. त्यांचा पहिला प्रश्न काय असेल ते मला आत्ताच माहीत आहे: "साहेब, आमचा धंदा गेल्या वर्षी वाढला का?" त्यांचं विक्रीबिल आणि खरेदीबिल माझ्याकडे आहे, मी सांगू शकतो. देशाचं मात्र आपल्याकडे आहे.

आपला,
भोसरी, पुणे येथील एक कॉस्ट अकाउंटंट